कानबाईची मिरवणूक, मशिदीची गल्ली आणि मधला माणूस : रूटचं भांडण बसून कसं सुटतं

आपल्या खान्देशात श्रावण लागला की नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी विसर्जन होतं, हे जळगाव-धुळे-नंदुरबारच्या माणसाला सांगायची गरज नाही, पण बाहेरचं कोणी वाचत असेल तर एवढं लक्षात घ्या की ही बायकांची देवी आहे, नारळाला डोळे, नथ लावून चौरंगावर बसवतात, रोट करतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी चौरंग डोक्यावर घेऊन नदीवर नेतात. आता या मिरवणुकीत गेल्या काही वर्षांत डीजे आला, रात्रीच्या गाण्यांना माईक आला आणि भांडणं पण आली. अशा भांडणात त्रयस्थ मध्यस्थ बसवून मार्ग कसा काढतात, तो मध्यस्थ नेमकं करतो काय, पंचांपेक्षा आणि पोलिसांपेक्षा तो वेगळा कसा, हे आज नीट उलगडून सांगतो. त्यासाठी एक गाव मनाशी धरू. गाव नदीकाठचं, नाव काही का असेना, खरं एकच गाव शोधत बसू नका, पण भांडण तुम्हाला ओळखीचं वाटेल.

तर समजा गावात वरच्या वाड्यातली कानबाई उत्सव समिती आहे आणि नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत मोहल्ला आहे, तिथे मशीद आहे आणि तिची जमात कमिटी आहे. मिरवणूक पिढ्यान् पिढ्या त्याच गल्लीतून नदीवर जाते. मागच्या वर्षी डीजेचा ट्रॅक्टर गल्लीत अडकला, बरोबर दीडच्या जमातीच्या, म्हणजे सामूहिक नमाजाच्या वेळेला, जवळपास तासभर हलला नाही, वर गाणी सुरूच, एका घराची काच तडकली, एका म्हाताऱ्या आजीला चक्कर आली, मग आरडाओरड, ढकलाढकली आणि संध्याकाळी मोबाईलवर व्हिडिओ फिरले. यावर्षी मोहल्ल्याचं म्हणणं, रूट बदला, बस स्टँडच्या रस्त्यानं जा. वाड्याचं म्हणणं, वाट आमची जुनी आहे, एक इंच सोडणार नाही. आणि भरीला भर म्हणजे रविवारी रात्रीचा माईक, तो रात्री दोन-दोनपर्यंत चालतो ही मोहल्ल्याची तक्रार, तर तुमचा भोंगा पहाटे कोण बंद करतं हे वाड्याचं उत्तर.

बहुतेक गावात इथून पुढे काय होतं? सणाच्या चार-पाच दिवस आधी पोलीस स्टेशनला शांतता समितीची मीटिंग लागते, साहेब सगळ्यांना शांतता राखायला सांगतात, चहा होतो, शांतता मोडू नका म्हणून बजावणाऱ्या १६८ च्या नोटिसा वाटल्या जातात (जुन्या सीआरपीसीची १४९ ती, १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागला तेव्हापासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची १६८) आणि सगळे घरी जातात. शांतता समिती वाईट नाही, ती हवीच, पण चाळीस-पन्नास लोक, समोर खाकी वर्दी आणि हातात एक तास, यात कोणी मनातलं बोलत नाही. तिथे दोन्ही बाजू आपापल्या माणसांना ऐकू जाईल असं बोलतात. म्हणून मध्यस्थाचं काम त्याच्या महिनाभर आधी सुरू व्हायला पाहिजे, आषाढातच, शेतीची कामं असली तरी.

मध्यस्थ म्हणजे पंच नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. पंच ऐकून घेतो आणि निवाडा देतो. पोलीस परवानगी देतात, रूट ठरवून देऊ शकतात, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मध्ये मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ याबद्दल आदेश द्यायचे अधिकार त्यांना आहेत. मध्यस्थाला यातलं काहीच नाही. तो ठरवत नाही, तो दोघांना ठरवायला लावतो. कोण बरोबर कोण चूक हे त्यानं एकदा जरी तोंडातून काढलं तरी त्याचं काम संपलं, कारण मग उरलेला सगळा वेळ एक बाजू त्याला पटवत बसते आणि दुसरी त्याच्यावर चिडून असते. २०२३ च्या मध्यस्थता कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं वेगळं प्रकरण आहे, वस्तीतल्या शांततेवर परिणाम होईल अशा वादासाठी दोन्ही बाजूंची आधी संमती घेऊन तीन मध्यस्थांचं पॅनेल, अशी त्याची मांडणी आहे. पण त्यातही ठरलेला करार कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येत नाही असंच लिहिलंय. म्हणजे जोर कायद्यातून कमी आणि दोघांच्या मान्यतेतून जास्त. आपल्याकडे २००७ पासूनची तंटामुक्त गाव मोहीम लोकांना माहीत आहे, तिथली समिती चांगली असली तर मदत होते, पण तिचा अध्यक्ष गावातलाच, कुठल्यातरी गटाचा, म्हणून अशा प्रकरणात बाहेरचा माणूस बरा.

आपल्या गावानं काय केलं, तर शेजारच्या तालुक्यातले एक रिटायर मुख्याध्यापक आणले, अहिराणी येणारे, दोन्हीकडची मुलं त्यांच्या हाताखाली शिकून गेलेली. नाव वाड्यानं सुचवलं होतं म्हणून मोहल्ल्याला लगेच हो म्हणायला जड गेलं, तेव्हा गुरुजींनीच सांगितलं की तुमच्याकडून पण एक माणूस द्या, आम्ही दोघं बसू. मग मोहल्ल्यानं धुळ्याकडच्या एक रिटायर बँक मॅनेजर दिल्या, त्या पण गावच्या नाहीत. आणि अट अशी की कुठल्याही बाजूनं कधीही सांगितलं की आम्हाला हे नकोत, तर कारण न विचारता ते बाजूला होतील. ही अट लहान वाटते पण सगळा विश्वास तिच्यावर उभा राहतो, कारण अडकवल्याची भावना जाते.

पहिली बैठक एकत्र घ्यायची नाही. ही चूक फार लोक करतात. आधी दोन्हीकडे वेगवेगळं बसायचं, घरी नाही, जिथे बाकीचे लोक डोकावणार नाहीत अशा ठिकाणी, आणि सांगायचं की इथे बोललेलं तुम्ही म्हणाल तेवढंच पलीकडे जाईल. तिथे एकच प्रश्न वेगवेगळ्या पद्धतीनं विचारायचा, की हे नाही झालं तर तुमचं नेमकं काय जाईल? वाड्यात नानांनी, म्हणजे समितीच्या अध्यक्षांनी, आधी वाट, परंपरा, हक्क सगळं सांगितलं. मग मॅडमनी विचारलं की चौरंग कोण उचलतं, तर उचलतात बायका, आणि खोलीत बाई एकही नाही. पुढच्या वेळी चार बायका आल्या. त्यातल्या एका मावशीनं सांगितलं की बस स्टँडचा रस्ता दुपटीपेक्षा लांब आहे, डांबरी आहे, डोक्यावर चौरंग आणि पाय अनवाणी, दुपारी पाय भाजतात. आणि मग म्हणाली, ती आमनी माय शे, चोरनामायक काब्र लई जावानी? आमची आई आहे ती, चोरासारखी का न्यायची? म्हणजे रस्त्यामागं दोन गोष्टी निघाल्या, एक पायाची आणि एक मानाची. डीजेचं नाव तिनं घेतलंच नाही. डीजे पोरांना पाहिजे होता.

मोहल्ल्यात कमिटीचे एक चाचा बोलले, ते आधी रूटवरच अडून होते. पण रूट बदलला आणि डीजे मशिदीच्या मागच्या रस्त्यानं तेवढ्याच आवाजात गेला तर चालेल का, असं विचारल्यावर ते थांबले, आणि म्हणाले, नाही, मग काय फायदा. त्यांच्या घरातल्या सुनेनं सांगितलं की कानबाई जाते तेव्हा आम्ही लहानपणी दारात उभं राहून बघायचो, पाणी द्यायचो, मिरवणूक नको असं कोणीच म्हणत नाही, पण ट्रॅक्टर भिंतीला घासतो, खिडक्या हलतात, जमातीच्या वेळेला थांबून मुद्दाम गाणी लावतात, आणि गुलाल पायऱ्यांवर टाकतात.

आता इथे सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबतो. भांडण वाटत होतं एक, निघाली दोन, आणि ती एकमेकांत गुंतली होती. वाट हा मानाचा प्रश्न आहे, तो मोजता येत नाही, त्यात कोणी माघार घेतली तर घरी जाऊन तोंड दाखवता येत नाही. आवाज आणि वेळ हा मोजायचा प्रश्न आहे, मीटर आहे, घड्याळ आहे, त्यात पाच मिनिटं इकडं-तिकडं केली तर कोणाचं नाक कापलं जात नाही. लोक आवाजाचा राग वाटेवर काढतात, कारण वाट ही एका शब्दात मागता येते. मध्यस्थानं आधी हा गुंता सोडवायचा, आवाजाचं आणि वेळेचं आधी घ्यायचं, वाटेचं शेवटी. आवाजाचं ठरलं की वाटेचा प्रश्न अर्धा आपोआप बसतो, आणि उलट क्रमानं गेलात तर पहिल्याच बैठकीत मोडतं. माझं तर स्पष्ट मत आहे की अशा दहा प्रकरणांपैकी बरीचशी याच एका क्रमावर वाचतात किंवा फसतात.

मग एकत्र बैठक झाली जिल्हा परिषदेच्या शाळेत, देवळात नाही, मशिदीत नाही, ठाण्यात नाही. दोन्हीकडून सहा-सहा जण, त्यात दोन बायका आणि दोन तरुण पोरं असलीच पाहिजेत. पोरांचं का, तर सही म्हातारे करतात आणि मोडतात पोरं, म्हणजे ज्याच्या हातात डीजेचा फोन नंबर आहे तोच खोलीत नसेल तर कागदाला अर्थ नाही. मागच्या वर्षीचं एकदाच सांगायचं, दोघांनी, मध्ये न बोलता, आणि मग त्यावर परत यायचं नाही. गुरुजींनी दोघांचं ऐकून फळ्यावर तीनच ओळी लिहिल्या : रविवारची रात्र, सोमवारची गल्ली, नदीवरचं विसर्जन. कोणाचं नाव नाही, कोणाचा दोष नाही.

रविवारच्या रात्रीसाठी कायदा काय म्हणतो हे आधी टेबलावर ठेवलं, कारण कायद्याच्या आतच काही ठरवता येतं, दोन्ही बाजू राजी असल्या तरी बेकायदा गोष्टीला परवानगी मिळत नाही. ध्वनी प्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर नुसता स्पीकरच नाही तर वाद्यं पण त्यात आली, म्हणजे माईक नाही पण ढोल वाजवतो असं रात्री बाराला चालत नाही. राज्य सरकार सणांसाठी वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. ते कोणते दिवस हे जिल्ह्यात दरवर्षी जाहीर होतं, त्या यादीत कानबाईचा रविवार आहे की नाही हे प्रत्येक वर्षी बघून घ्यायचं, मागच्या वर्षी होता म्हणून यावर्षी असेल असं धरायचं नाही. आपल्या गावात तो दिवस यादीत नव्हता. मग प्रश्न सोपा झाला, १० ला माईक बंद. हे मोहल्ल्यानं मागितलं म्हणून नाही तर नियमच तो आहे म्हणून, यामुळे नानांना घरी सांगायला पण सोपं गेलं.

पण तोच नियम पलीकडे पण लागतो हे मॅडमनी त्याच बैठकीत, त्याच आवाजात सांगितलं. सकाळी ६ च्या आधी बाहेरचा भोंगा चालत नाही, मग तो पहाटेच्या अजानचा असो की देवळातल्या काकड आरतीचा. चाचा जरा गप्प झाले, मग म्हणाले की आत लहान स्पीकर ठेवू, बाहेरचा भोंगा सहानंतरच, आणि वाड्याकडे तोंड करून लावलेला भोंगा वळवून घेऊ. देवळाच्या लोकांनी पण मान्य केलं. इथे एक गोष्ट समजून घ्या, मध्यस्थ निष्पक्ष आहे हे त्याच्या गोड बोलण्यावरून कळत नाही, एकच माप दोघांना लावतो का यावरून कळतं.

आणि रात्रभरची गाणी? बायकांनीच सांगितलं की गाण्यांना माईक लागतच नव्हता कधी. समाजमंदिराची दारं-खिडक्या लावून आत बसायचं, गाणी सकाळपर्यंत. हा मुद्दा दहा मिनिटांत संपला.

सोमवारसाठी वेळ लागला. तिथे आवाजाचा आकडा काढायचा होता. निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाऊडस्पीकरचा आवाज त्या मर्यादेपेक्षा १० नं जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल तेवढाच, म्हणजे निवासी गल्लीत ६५. हे आकडे बघून पोरं हसली, कारण डीजेजवळ आकडा शंभराच्या पुढं सहज जातो. डेसिबलचा हिशोब साधा नाही, १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट झाली, आणि कानाला साधारण दुप्पट मोठं वाटतं. म्हणजे ६५ आणि ९५ मध्ये फरक तीस टक्के नाही, ऊर्जेत हजारपट आहे. मोकळ्या मैदानात स्पीकरपासून अंतर दुप्पट केलं की सुमारे ६ डेसिबल कमी होतात, पण गल्लीत दोन्हीकडे भिंती असल्या की आवाज त्यांच्यावर आपटून परत येतो आणि तेवढा उतरत नाही. म्हणून चौकात जो डीजे ठीक वाटतो तोच गल्लीत असह्य होतो, आणि वाजवणाऱ्याला वाटतं की आपण काहीच वाढवलं नाही.

अजून एक बारीक गोष्ट जी करारात नेहमी सुटते. मीटर जो आकडा दाखवतो तो कानाच्या हिशोबानं सुधारलेला असतो, त्यात खालचे जाड आवाज फार कमी मोजले जातात, ५० हर्ट्झच्या आसपासच्या आवाजातून तर साधारण ३० डेसिबल वजाच होतात. बेसचे बॉक्स नेमके तिथेच वाजतात. म्हणजे मीटर म्हणेल फार नाही आणि तुमच्या खिडकीची काच थरथरत असेल, छातीत धडधडत असेल. दोघंही खरं बोलत असतात. म्हणून नुसता डेसिबलचा आकडा लिहून भागत नाही, बेसचे बॉक्स किती हे वेगळं लिहावं लागतं. मोबाईलचं ॲप पुरावा म्हणून चालत नाही, मोठ्या आवाजात ते चुकतं पण, तरी आधी-नंतरची तुलना करायला बरं पडतं, अट एवढीच की मोबाईल तोच, जागा तीच, आणि बघायला दोन्हीकडचा एक-एक माणूस.

मग एका संध्याकाळी बाराही जण टेप घेऊन गल्लीत गेले. वाट एकत्र चालून बघणं हे या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात उपयोगी काम आहे, बैठकीत जे दोन तास भांडून कळत नाही ते तिथे पाच मिनिटांत दिसतं. गल्ली १८० मीटर लांब. मशिदीच्या कोपऱ्यावर रुंदी ९ फूट, तिथे एका बाजूला विजेचा खांब पुढे आलेला. बॉक्स लावलेली ट्रॉली मोजली तर साडेआठ फूट, म्हणजे उरले सहा इंच, तेही खांबानं खाल्लेले. पोरांनीच एकमेकांकडे बघितलं. ट्रॉली अडकली ती कोणी अडवली म्हणून नाही, ती तिथून जाऊच शकत नव्हती. मागच्या वर्षी दोन्हीकडे ज्या गोष्टीला मुद्दामपणा म्हणत होते तिच्यात बराच भाग या सहा इंचांचा होता. हे कोणी तोंडानं सांगितलं असतं तर पटलं नसतं.

तिथेच उभं राहून एका पोरानं सुचवलं की ट्रॉली बस स्टँडच्या रस्त्यानं नदीवर पाठवू आणि कानबाई गल्लीतून नेऊ. म्हणजे वाट कानबाईची राहिली, आवाज दुसऱ्या वाटेनं गेला. मध्यस्थांना हे आधीच सुचलं असेल, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, आणि तेच बरोबर केलं, कारण आपण काढलेला मार्ग माणूस सांभाळतो, दुसऱ्यानं दिलेला मार्ग पाळला जातो तो फक्त पोलीस बघत असेपर्यंत. नदीवर ट्रॉली मोकळ्या जागेत, बेसचे बॉक्स काढून, फक्त दोन टॉप, म्हणजे वरचे स्पीकर, आणि आवाजाचं बटण जिथे ठरलं तिथे चिकटपट्टी लावून खूण. ही चाचणी पण सगळ्यांसमोर आधी केली, पहिल्या घराच्या भिंतीपाशी मोबाईल धरून. बाहेरगावचा डीजेवाला असेल तर त्याला ॲडव्हान्स देतानाच हे लिहून द्यायचं, कारण त्या दिवशी त्याला काही माहीत नसतं आणि पोरं त्याला वाढव म्हणतात.

आता वेळ. एक वाजेपर्यंत गल्ली पार करू, असं वाड्यानं आधी लिहून दिलं होतं, आणि इथेच पुढचं भांडण दडलेलं असतं. एक वाजता कोण पार? पुढचा चौरंग की मागची शेवटची बाई? वाड्याच्या मनात पुढचं टोक, मोहल्ल्याच्या मनात शेपूट. मिरवणूक साधारण ९० मीटर लांब धरली, गल्ली १८०, म्हणजे पुढचं टोक आत शिरल्यापासून शेपूट बाहेर पडेपर्यंत २७० मीटर चालावं लागतं. न थांबता हळू चाललं, मिनिटाला २० मीटर, तरी साडेतेरा मिनिटं, म्हणजे १५ धरा. फुगड्या खेळत थांबत गेलं तर त्याला अंतच नाही. म्हणून ठरलं की फुगड्या आणि नाच चौकात आणि नदीवर पोटभर, गल्लीत थांबायचं नाही, गल्लीत फक्त गाणी म्हणत चालायचं. जमात दीडला, लोक सव्वाला यायला लागतात. तर पुढचं टोक १२:४५ च्या आत गल्लीच्या तोंडाशी, शेपूट उशिरात उशिरा १:१५ ला बाहेर. हिशोबानं एकलाच बाहेर पडते, वरची पंधरा मिनिटं म्हाताऱ्या बायकांसाठी आणि लहान पोरांसाठी.

आणि उशीर झाला तर? मिरवणूक वेळेवर निघाली असं खान्देशात काय, कुठेच होत नाही. म्हणून उशिराचं कलम आधीच लिहायचं. १२:४५ ला पुढचं टोक पोचलं नसेल तर मिरवणूक चौकातच थांबते, तिथे सावलीला मंडप आणि पाणी, आणि दोनला पुढे निघते. हे ठरवणार कोण? गल्लीच्या तोंडाशी दोन माणसं, एक वाड्याची एक मोहल्ल्याची, दोघांच्या मोबाईलवर वेळ. दोघांनी मिळून हात दाखवला की आत. पाण्याची सोय मोहल्ल्यानं स्वतःहून घेतली. गुलाल गल्लीत उधळायचा नाही, चौकात आणि नदीवर. गाण्यांची यादी दोन्हीकडच्या पोरांनी बसून बघितली.

वाटेचं राहिलं होतं ते शेवटी आलं आणि तिथे एकच भीती होती, पायंड्याची. नानांना वाटत होतं की ट्रॉली यावर्षी दुसऱ्या रस्त्यानं गेली तर पुढच्या वर्षी म्हणतील कानबाई पण तिकडूनच न्या. चाचांना वाटत होतं की आपण गल्ली दिली तर उद्या डीजे पण मागतील. दोघांची भीती सारखीच. त्यावर उपाय एका वाक्याचा आहे आणि तो प्रत्येक करारात असावा, की हे ठरलेलं या वर्षापुरतं आहे, यावरून कोणाचा हक्क वाढला किंवा गेला असं मानलं जाणार नाही, पुढच्या वर्षी आषाढात परत बसायचं. हे वाक्य वाचल्यावर दोघांनी पेन घेतलं. आणि मोहल्ल्याचा ईद-ए-मिलादचा जुलूस चौकातून जातो, त्याला पण हेच नियम, हीच दोन माणसं, संध्याकाळच्या आरतीच्या आधी शेपूट बाहेर. महाराष्ट्रात २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आले होते, तेव्हा बऱ्याच शहरांत मुस्लिम कमिट्यांनी जुलूस दुसऱ्या दिवशी नेला होता आणि सरकारनं २९ ची सुट्टी दिली. चाचांनी ते उदाहरण बैठकीत काढलं, की आम्ही पण वेळ बदलतो, एकट्या तुम्हालाच सांगत नाही.

कागद लिहिताना आवाज कमी ठेवावा, सहकार्य करावे, भावना दुखवू नये असली वाक्यं टाळा. ती सगळ्यांना पटतात आणि कोणालाच बांधत नाहीत. प्रत्येक ओळीत कोण, कुठे, किती वाजता, आणि नाही झालं तर काय, एवढं पाहिजे. कागद दोन पानांच्या वर नको. आणि आता मघाचा प्रश्न, की या कागदाला कोर्टाचा जोर नाही, तर मोडला तर काय? त्याचा उपाय असा की हाच रूट, ह्याच वेळा, हेच दोन टॉप समितीनं स्वतः पोलीस परवानगीच्या अर्जात लिहायचे आणि दोन्ही बाजूंनी एकत्र जाऊन अर्ज द्यायचा. परवानगी त्याच अटींवर निघाली की करारातली कलमं परवानगीच्या अटी होतात, आणि अट मोडली तर कारवाई परवानगीच्या हिशोबानं होते, मोहल्ल्यानं तक्रार करायची गरज राहत नाही. हे नाही केलं तर तुमच्या कराराच्या वेळा वेगळ्या आणि परवानगीतल्या वेगळ्या असा घोळ होतो, आणि बंदोबस्तावरचा हवालदार परवानगी बघतो, तुमचा कागद नाही.

काही ठिकाणी हे चालत नाही ते पण सांगतो. मागच्या वर्षी कोणाचं डोकं फुटलं असेल, गुन्हे दाखल असतील, तर ते गुन्हे मध्यस्थ मिटवू शकत नाही, आणि ते मागे घ्या म्हणून बैठकीत अट घालणं पण चुकीचं. निवडणूक तोंडावर असेल आणि दोन्हीकडे बाहेरचे पुढारी बसले असतील तर सहा माणसांच्या सहीला किंमत राहत नाही, तेव्हा आधी त्यांना बाजूला करता येतं का बघायचं, नाही तर पोलिसांच्या आदेशानंच तो सण काढावा लागतो. आणि एक बाजू वेगवेगळ्या बैठकीत एक बोलते आणि एकत्र बैठकीत सारखं उलटं बोलते असं दोन-तीनदा झालं, तर समजायचं की आलेली माणसं ठरवणारी नाहीत, ठरवणारा घरी बसलाय. त्याला आणल्याशिवाय पुढं जायचं नाही.

सोमवारी त्या गावात पुढचं टोक गल्लीच्या तोंडाशी आलं १२:५२ ला. सात मिनिटं उशीर. मोहल्ल्याच्या पोरानं वाड्याच्या पोराकडं बघितलं, दोघांनी गल्लीत नजर टाकली, मोकळी होती, पण कागद १२:४५ म्हणत होता, म्हणून थांबवली. वाड्यातले काही चिडले, नाना स्वतः पुढं येऊन चौकात बसले, बायका फुगड्या खेळल्या, दोनला मिरवणूक आत गेली आणि सतरा मिनिटांत बाहेर आली. आठ दिवसांनी शाळेत परत बसले तेव्हा वाड्याचा पहिला मुद्दा तोच होता, की सात मिनिटांसाठी तासभर बायका उन्हात राहिल्या, मंडप अपुरा पडला. हिशोब परत मांडला, शेपूट १:१५ च्या आत सहज निघाली असती. म्हणून पुढच्या वर्षाच्या मसुद्यात १२:४५ च्या जागी १२:५५ लिहिलं, मंडप मोठा घ्यायचं समितीकडे दिलं, आणि खांब मागे सरकवायचा अर्ज वीज कंपनीकडे दोघांच्या सहीनं गेला.